रात्रभर न झोपणारा फोन

रात्री अकराला ९२ टक्के, सकाळी सातला ६६. फोन उशाशी नुसता पडून होता, स्क्रीन बंद. एरवी रात्रभरात दोन-तीन टक्के जातात. बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे आठ तासांत १३०० एमएएच गेले, तासाला साधारण १६०. शिवाय फोन हाताला कोमट लागत होता. मला वाटलं, बॅटरीच म्हातारी झाली.

बॅटरी ठीक होती. अँड्रॉइडचा फोन स्क्रीन बंद झाली की काही वेळाने प्रोसेसरलाही झोपवतो आणि मग वीज थेंबाथेंबाने लागते. एखाद्या अॅपचं काम अर्धवट असेल तर ते म्हणू शकतं, ‘थांब, अजून झोपू नकोस.’ या विनंतीला वेक लॉक म्हणतात. प्रोसेसर जागा ठेवणाऱ्या प्रकाराचं नाव `PARTIAL_WAKE_LOCK`. गाणं चालू असताना तो हवाच. पण काम संपल्यावर अॅपने तो सोडायला हवा. मधेच काही चूक झाली आणि सोडण्याची ओळ चाललीच नाही, तर प्रोसेसर विनाकारण जागा राहतो. त्यावर साधा उपाय म्हणजे घेतानाच मुदत घालणं:

```
wakeLock.acquire(60_000L)
```

एक मिनिट झालं की तो आपोआप सुटतो.

माझ्या फोनमध्ये दोष होता चालण्याचा मार्ग नोंदवणाऱ्या एका अॅपचा. संध्याकाळी फेरी संपवून मी ते बंद केलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. ते मात्र रात्रभर दर थोड्या वेळाने ‘मी कुठे आहे’ हे विचारत होतं. घरात हे फार महाग पडतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा मुळातच क्षीण संदेश स्लॅबमधून आत येताना आणखी मंदावतो. मोकळ्या मैदानात पटकन मिळणारी जागा खोलीत मिळतच नाही, त्यामुळे रिसीव्हर शोधत राहतो आणि प्रोसेसरही त्याच्यासोबत जागा राहतो.

खरं तर २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून याला आळा आहे. फोन हलत नसेल, स्क्रीन बंद असेल आणि चार्जर लावलेला नसेल, तर काही वेळाने ‘डोझ’ सुरू होतं आणि बहुतेक अॅप्सचे वेक लॉक मानलेच जात नाहीत. मग हे अॅप कसं निसटलं? पहिल्याच दिवशी त्याने बॅटरीचे निर्बंध काढायची परवानगी मागितली होती आणि मी न वाचता ‘हो’ म्हटलं होतं. अशी सूट मिळालेल्या अॅपचा वेक लॉक डोझमध्येही चालतो.

पुरावा फोनमध्येच सापडला. अँड्रॉइड १२ पासून सेटिंग्जमध्ये Privacy dashboard आहे. त्यात Location उघडलं की गेल्या २४ तासांत कोणत्या अॅपने कधी जागा विचारली ते वेळेनिशी दिसतं. मी झोपेत असतानाच्या तासांसमोर त्याच अॅपचं नाव ओळीने होतं. मी त्याची बॅटरीची सूट काढून घेतली आणि लोकेशनची परवानगी ‘अॅप वापरत असतानाच’ अशी केली. दुसऱ्या रात्री तीन टक्के गेले.