छोट्या ग्रँटच्या अर्जातलं बजेट टेबल आणि उपक्रमाचे रकाने

एखादा गट किंवा मंडळ आपल्या भागातल्या कामासाठी थोडा निधी मागतं तेव्हा अर्जात दोन जागा महत्त्वाच्या असतात. उपक्रमाच्या रकान्यात काय करणार, किती वेळा, कधी आणि कोणासाठी ते लिहायचं, आणि बजेट टेबलमध्ये बाब, नग, दर, एकूण, शिवाय त्यातलं किती मागतोय आणि किती स्वतः घालतोय ते भरायचं. बहुतेक जण दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, कधीकधी वेगवेगळी माणसं बसून भरतात आणि घोळ तिथेच होतो, कारण टेबलमधला 'नग' उपक्रमातूनच यायला हवा.

समजा सायकल दुरुस्ती शिकवायची आहे, ८ सत्रं, प्रत्येकी २ तास, तेच २० जण. मग प्रशिक्षकाचे नग ८. हॉल मात्र १६ तास नाही तर २४ तास, कारण आधी अर्धा तास मांडामांड आणि नंतर अर्धा तास आवराआवर, आणि हे शेरा कॉलममध्ये एका ओळीत लिहायचं, नाहीतर तपासणाऱ्याला वाटतं तास फुगवलेत. ५ जणांत एक टूलकिट म्हणजे किट ४.

आता बेरीज मर्यादेबाहेर गेली म्हणून सत्रं ६ केली. प्रशिक्षक ६, हॉल १८ तास, पण किट ४च राहतात कारण माणसं तेवढीच आहेत, म्हणजे सत्रं पाव भागाने कमी झाली तरी खर्च तेवढा उतरत नाही. घाईत लोक उपक्रमात ६ करतात आणि टेबलमध्ये २४ तास तसेच राहतात. तपासणारा कॅल्क्युलेटर घेऊन पहिलं हेच बघतो, आणि हे सापडलं की बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास उरत नाही.

स्वतःच्या वाट्यात स्वयंसेवकांचा वेळ धरता येतो, जर फॉर्म वस्तू किंवा श्रमरूपी योगदान मान्य करत असेल तर. २ जण, ६ सत्रं, ३ तास म्हणजे ३६ तास, त्याला तशा कामाचा नेहमीचा दर लावायचा. ही रक्कम खर्चातही दाखवायची आणि आपल्या वाट्यातही, नुसती वाट्यात टाकली तर जमा आणि खर्च जुळत नाहीत आणि मग कुठे चुकलं ते शोधत रात्र जाते (एक्सेलला दोष देऊ नका, बिचारं बरोबरच सांगत असतं).

'इतर खर्च' अशी मोठी ओळ टाकण्यापेक्षा ग्रीस, पॅच, हातमोजे असं सरळ लिहिलेलं बरं, कारण मोघम ओळीवर कात्री आधी चालते.

उपक्रमातले महिनेही टेबलशी जोडलेले असतात. मंजुरीआधी केलेला खर्च बरेच निधी देणारे धरत नाहीत, त्यामुळे पहिलं सत्र मंजुरीच्याच आठवड्यात ठेवलं तर किट आधीच विकत घ्यावे लागतात आणि ते पैसे गटाच्या खिशातून जातात.