घ-ध, भ-म: पहिली गिरवणी वर्कशीट विक्रीला लावताना

आमच्याकडे ऑनलाइन विकायच्या वर्कशीटची पानं लावून, म्हणजे मांडून घ्यायला येणारे बहुतेक शिक्षक 'पूर्ण मुळाक्षरं' करायला सांगतात. तशा फायली नेटवर ढिगाने आहेत, फुकटही. पहिली फाइल छोटी आणि नेमकी ठेवा. बालवाडीच्या एक बाई आल्या त्या घ-ध आणि भ-म एवढाच विषय घेऊन. ध आणि भ यांची डोक्यावरची रेघ तुटते, घ आणि म यांची अखंड असते. मुलं इथेच अडखळतात. यावरच त्यांनी दहा पानं काढली. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेत जाणारी मुलं त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

त्यांची पहिली फाइल आम्ही ए४ मापात लावली, आणि तिथे आमची चूक झाली. अमेरिकेत घरोघरी लेटर कागद असतो. तो ए४पेक्षा सुमारे १८ मिमी आखूड आहे. छापल्यावर गिरवायची शेवटची ओळच गायब! तेव्हापासून आम्ही सगळा मजकूर १९० × २५५ मिमीच्या चौकटीत बसवतो आणि दोन्ही मापांच्या वेगळ्या पीडीएफ देतो. छापताना प्रिंटरवर Actual size निवडा, ही सूचनाही पहिल्या पानावर घालतो.

गिरवायचे ठिपके आधी फार फिके होते. स्क्रीनवर सुरेख दिसायचे, घरच्या प्रिंटरवर उमटायचेच नाहीत. आता आम्ही ते निम्म्या काळेपणाचे ठेवतो. अक्षर कुठून सुरू करायचं तिथे एक ठसठशीत टिंब लागतंच, नाहीतर मूल उलट्या बाजूने गिरवतं.

फॉन्टकडे जास्त लक्ष द्या. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी आईला ते लगेच खटकतात. फॉन्ट विक्रीच्या कामात वापरायची परवानगी आहे का, हेही तपासा. मुक्तासारख्या खुल्या परवान्याच्या फॉन्टला ती आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेला, म्हणजे फायलीतच भरलेला हवा.

आता लिस्टिंग, म्हणजे विक्रीची नोंद. एट्सी या ऑनलाइन बाजारावर एका लिस्टिंगला पाच फायली चालतात, प्रत्येकी २० एमबीपर्यंत. लिस्टिंगचे ०.२० डॉलर लागतात, ते चार महिने चालतं. विक्री झाली की ६.५ टक्के कापले जातात. म्हणजे तीन डॉलरच्या फायलीतले सुमारे ४० सेंट तिथेच गेले, पेमेंटचा खर्च वेगळा. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा: ही डाउनलोड फाइल आहे, छापील पुस्तिका घरी येणार नाही. पानांची संख्या आणि कागदाची मापंही द्या. पहिला फोटो मुलाने पेन्सिलने अर्धवट गिरवलेल्या पानाचा असू द्या. अक्षराचा आकार त्यात लगेच कळतो.

फाइल चढवण्याआधी आमच्याकडून प्रूफ न्या आणि एखाद्या पाच वर्षांच्या मुलासमोर ठेवा. ते जिथे थांबेल, त्या पानावर खूण करून आणा. ते पान आम्ही पुन्हा लावून देऊ.