रशियन वाक्यात जोर कुठे बसतो?

‘आन्नाने पुस्तक विकत घेतले’ एवढा मजकूर सांगणारे इंग्रजी वाक्य शब्दांची जागा न बदलता निदान तीन अर्थांनी म्हणता येते. आघात ‘आन्ना’वर असला की दुसऱ्या कोणी नव्हे, तिनेच, क्रियापदावर असला की उसने आणले नाही, विकतच घेतले, आणि ‘पुस्तका’वर असला की वही नव्हे, पुस्तक. छापताना हा आघात तिरप्या अक्षरांनी दाखवतात. रशियन भाषांतरकाराने तीच तिरपी अक्षरे उचलली तर वाक्य चुकत नाही, पण परके वाटते, कारण रशियनमध्ये हे काम मुख्यतः शब्दक्रम करतो.

आधी ठाऊक असलेले वाक्यारंभी यावे आणि नवी बाब शेवटी, हा तिथला साधा नियम. चेक भाषाशास्त्रज्ञ व्हिलेम माथेसिउस यांनी वाक्याच्या या विभागणीची मांडणी 1939 मध्ये केली. शांतपणे लिहिलेल्या वाक्यात वाचक आघात आपोआप शेवटच्या शब्दावर देतो. म्हणून वाक्य लिहिण्यापूर्वी ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ठरवावे लागते. ‘आन्नाने काय विकत घेतले?’ याचे उत्तर ‘आन्ना कुपीला क्नीगु’. ‘पुस्तक कोणी घेतले?’ याचे ‘क्नीगु कुपीला आन्ना’. आणि ‘तिने ते उसने आणले की काय?’ या शंकेला ‘क्नीगु आन्ना कुपीला’. ‘क्नीगा’चे ‘क्नीगु’ झाले की ते कर्म आहे हे कळते, म्हणून ते कुठेही ठेवता येते. मराठी माणसाची अडचण इथे होते: ‘पुस्तक आन्नाने घेतले’ म्हणताना आपण महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी ठेवतो, आणि त्याच सवयीने ‘क्नीगु आन्ना कुपीला’ लिहिले तर जोर खरेदीवर जातो.

‘तिने पुस्तक घेतले खरे, पण वाचले नाही’ यासाठी ‘क्नीगु-तो आन्ना कुपीला’ असा ‘तो’ हा निपात, म्हणजे जोर देणारा छोटा शब्द, जोडतात. ‘नेमकी’ या अर्थाचा ‘ईमेन्ना’ हाही हाताशी असतो, पण प्रत्येक तिरप्या शब्दापुढे तो लावला की मजकूर भाषांतरित असल्याचे लगेच लक्षात येते. माझ्या मते क्रम अपुरा पडला तरच तो वापरावा.

तसे प्रसंग येतातही. ‘मात् ल्यूबित दोच’, म्हणजे आई मुलीवर प्रेम करते, या वाक्यातील दोन्ही नामांची कर्त्याची आणि कर्माची रूपे सारखीच आहेत. ‘वडील नव्हे, आई’ हे सांगण्यासाठी ‘दोच ल्यूबित मात्’ असे लिहिले, तर वाचक सरळ ‘मुलगी आईवर प्रेम करते’ असे समजतो. इथे क्रम जागच्या जागी ठेवून ‘ईमेन्ना मात् ल्यूबित दोच’ असेच लिहावे लागते.