वडिलांचं गावातलं घर वारसांनी विकलं, तर टॅक्स किती?

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय: गावातली मालमत्ता विकली की टॅक्स नाही. ही सूट गावाकडच्या शेतजमिनीला आहे, घराला नाही. गावठाणातलं कवेलूचं घर असलं तरी ते भांडवली मालमत्ताच धरतात. वडील गेल्यावर घर वारसांच्या नावावर चढतं, तेव्हा काही लागत नाही. टॅक्स लागतो तो विकताना, आणि तोही प्रत्येक वारसाला आपापल्या हिश्श्यावर वेगळा.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावचं उदाहरण घेऊ. वडिलांनी १९८४ मध्ये स्वतःच्या कमाईतून घर बांधलं. ते २०१९ मध्ये वारले. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून आई, मुलगा आणि मुलगी असे तीन समान वारस झाले. त्यांनी जून २०२५ मध्ये घर १८ लाखांना विकलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६ लाख आले.

पहिला प्रश्न येतो तो घर किती काळ जवळ होतं याचा. वारसांची मालकी २०१९ पासूनची असली तरी वडिलांचा काळ त्यात मिळवला जातो. वडील वारल्यावर सहाच महिन्यांत घर विकलं असतं, तरी १९८४ पासूनचा काळ धरला असता. २४ महिन्यांपेक्षा जास्त भरले की नफा दीर्घकालीन ठरतो.

जास्त घोळ होतो तो खरेदी किमतीत. कोणी म्हणतो, आम्हाला फुकट मिळालं, म्हणून किंमत शून्य. कोणी वडील वारले त्या वर्षीचा बाजारभाव लावतो. दोन्ही चूक. वडिलांना जे पडलं तीच वारसांची किंमत. शिवाय घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव धरायची मुभा आहे. हा भाव नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी काढून घ्यावा. मात्र त्या तारखेचं मुद्रांक मूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेला भाव, उपलब्ध असेल, तर त्याच्या वर जाता येत नाही. मूल्यांककाने साडेतीन लाख लिहिले आणि मुद्रांक मूल्य ३ लाख निघालं, तर ३ लाखच धरायचे. आपल्या उदाहरणात तसंच झालं असं समजू. प्रत्येकाच्या वाट्याला किंमत आली १ लाख.

आता हिशेब. २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनचं घर असेल, तर भारतात राहणाऱ्या वारसाला दोन रीतींपैकी कमी टॅक्स येईल ती लागते. सरळ रीतीत ६ लाखांतून १ लाख वजा, नफा ५ लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ६२,५०० रुपये. दुसऱ्या रीतीत किंमत महागाई निर्देशांकाने वाढवतात. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून १ लाखाचे होतात ३ लाख ७६ हजार. नफा उरतो २ लाख २४ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे ४४,८०० रुपये. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा.

इथे नीट बघा. निर्देशांक २००१-०२ चा न लावता वारसाच्या वर्षाचा, म्हणजे २०१९-२० चा २८९, लावला तर किंमत जेमतेम १ लाख ३० हजार होते आणि दुसऱ्या रीतीतला टॅक्स ९४ हजारांच्या घरात जातो. मग पहिली रीतच बरी वाटते आणि माणूस जवळपास १८ हजार जास्त भरून मोकळा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मंजुळा शहा प्रकरणात आधीच्या मालकाचंच वर्ष धरायचं असा निकाल दिला आहे. हिशेब करून देणाऱ्याला हे आवर्जून विचारा.

आईला दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीतली ४ लाखांची मूळ सूट या नफ्यातून वजा होते आणि दुसऱ्या रीतीने तिचा टॅक्स शून्यावर येतो. रिटर्न मात्र तिलाही भरावं लागतं.

विक्रीखतातला आकडाही तपासा. सरकारी मूल्यांकन विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर सरकारी आकडाच विक्री किंमत धरतात. आपल्या घराचं मूल्यांकन २१ लाख निघालं असतं, तर हिशेब १८ वर नव्हे, २१ वर झाला असता.

कागदांमध्ये मृत्यू दाखला, वारसाचा दाखला, विक्रीखत, मूल्यांकन अहवाल आणि प्रत्येकाचं पॅन लागतं. पण खरी अडचण येते ती घर २००१ च्या आधीपासून वडिलांचं होतं हे दाखवायला. त्यासाठी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा जुन्या वर्षाचा उतारा मागा. आईच्या पेटीत तळाशी घरटॅक्सच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या असतात, त्या फेकू नका. १९९० च्या पावतीवर वडिलांचं नाव आणि घर क्रमांक असेल, तर तेच नमुना ८ शी जुळवून ठेवा. क्रमांक मध्येच बदलला असेल, तर ग्रामसेवकाकडून तसं लेखी घ्या. वडिलांनी २००१ नंतर खोली किंवा संडास बांधला असेल आणि बिलं असतील, तर तो खर्चही किमतीत मिळतो.

प्रत्येक वारस आयटीआर-२ मध्ये फक्त आपला हिस्सा दाखवतो. एकाच्याच खात्यात सगळे १८ लाख आले असतील, तर वाटणी धनादेशाने किंवा बँकेतूनच करा, म्हणजे नोटीस आली तरी कोणाकडे किती गेले ते पासबुकातच दिसेल.