अपूर्णांक-परिचय पाठ (इयत्ता पाचवी)

भाकरी, कागदाची पट्टी, चिंचोके, पाण्याची बाटली अशा रोजच्या वस्तू मुलांच्या हातात देऊन व्यवहारी अपूर्णांकाची ओळख करून देणारा वर्गपाठ. महाराष्ट्रातील मराठी शाळांत शिक्षक त्याचे टाचण काढतात आणि उद्दिष्टे, साहित्य, कृती, मूल्यमापन या क्रमाने ते लिहितात. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द आणि त्यांची रंगवलेली चित्रे मुलांनी खालच्या इयत्तांत पाहिलेली असतात. पाचवीत सममूल्य अपूर्णांक, लहानमोठेपणा, बेरीज-वजाबाकी येते. त्याआधीच्या साधारण दोन तासिका या पाठाला लागतात.

घरून आलेले अपूर्णांक

मराठी मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याकडे अपूर्णांकाचे बरेच शब्द असतात: पाव किलो साखर, सव्वा तास, दीडशे रुपये, अडीच मीटर कापड, पावणेतीन वाजले. त्या शब्दांतच गणित आहे. ‘पाव’ हा संस्कृत ‘पाद’पासून आला, म्हणजे चौथा हिस्सा. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पाव कमी असलेला एक. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासकट. पूर्वी मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करीत. औटकी हा साडेतीनचा पाढा.

या शब्दसंपत्तीची एक मर्यादा मात्र पाठ आखताना ध्यानात ठेवावी लागते. घरचे अपूर्णांक निम्म्यानिम्म्याने चालतात. धान्याची जुनी मापेही तशीच होती: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. अर्धा आणि पाव यांना मुलाच्या तोंडी आपसूक शब्द आहे; एक तृतीयांश किंवा दोन पंचमांश यांना नाही. म्हणून पाठाची सुरुवात अर्ध्या-पावाने करावी, पण तिथे थांबू नये. मुलाला ‘तीन सारखे भाग’ करायला लावले की खरा पाठ सुरू होतो.

दुसरी अडचण ‘पाव’ या शब्दाचीच. पुष्कळ मुलांच्या मनात पाव म्हणजे २५० ग्रॅम असते. त्यांना पाव किलो, पाव डझन आणि पाव तास एका ओळीत विचारावेत. २५० ग्रॅम, ३ केळी, १५ मिनिटे अशी तीन वेगळी उत्तरे फळ्यावर आली की ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न मुलेच विचारू लागतात.

उद्दिष्टे

टाचणात ‘अपूर्णांकाची संकल्पना समजते’ असे वाक्य लिहिण्यात अर्थ नाही, कारण ते झाले की नाही हे तपासता येत नाही. दिसेल असे लिहावे. या पाठाअखेर विद्यार्थी एका वस्तूचे दोन, तीन, चार, सहा समान भाग करून दाखवतो; समान आणि असमान भागांत फरक करून कारण सांगतो; वाटणीतून आलेला हिस्सा अंश-छेदाने लिहितो आणि वाचतो; आणि १२ किंवा २० वस्तूंच्या समूहाचा सांगितलेला भाग काढतो. एवढे चार पुरे. बेरीज-वजाबाकी या पाठात नको.

पहिली तासिका : चौघांत तीन भाकऱ्या

चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला रद्दी कागदाच्या तीन सारख्या गोल चकत्या आणि एक कात्री द्यावी. चकत्या ताटली ठेवून आखून घेतल्या की एकसारख्या निघतात. प्रश्न एकच: चौघांना सारखी भाकरी मिळाली पाहिजे आणि तुकडा उरता कामा नये. कसे करायचे हे शिक्षकाने सांगू नये.

बहुतेक वर्गांत दोन रीती निघतात. काही गट तिन्ही भाकऱ्यांचे चार-चार तुकडे करतात. एकूण बारा पाव होतात आणि प्रत्येकाला तीन पाव मिळतात. काही गट दोन भाकऱ्या मधून कापून चौघांना अर्धी-अर्धी देतात आणि उरलेल्या तिसरीचे चार तुकडे करतात. प्रत्येकाला अर्धी आणि पाव मिळते. मग दोन गटांत वाद होतो: कोणाला जास्त मिळाली? दोन्ही वाटे एकमेकांवर ठेवून पाहिले की जुळतात, आणि कोणीतरी ‘दोघांनाही पाऊण’ असे म्हणते. या क्षणी फळ्यावर ३/४ लिहावे, त्याआधी नाही.

या एका वाटणीतून तीन गोष्टी हाती येतात. ३/४ म्हणजे तीन पाव. ३/४ म्हणजे तीन भाकऱ्यांचे चौघांत वाटप, म्हणजेच ३ भागिले ४. आणि अर्धा अधिक पाव म्हणजे पाऊण, जे पुढे भिन्नछेद बेरजेत कामी येते. पुढच्या आठवड्यात एखादे मूल १/२ + १/४ = २/६ असे लिहील तेव्हा त्याला नियम सांगण्यापेक्षा भाकरी आठवायला सांगावे. २/६ म्हणजे एक तृतीयांश, तो तर अर्ध्याहूनही कमी. भर घालून हिस्सा घटला कसा?

छेद हा तुकड्याचे नाव सांगतो आणि अंश असे तुकडे किती ते मोजतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) हे दोन्ही शब्द आहेत, हिंदी शाळांनी छेदाऐवजी ‘हर’ ठेवला. वाचनाबद्दल एक आग्रह धरावासा वाटतो. ‘तीन छेद चार’ असे वाचले की मुलाला दोन सुट्या संख्या ऐकू येतात. निदान पहिले काही दिवस ‘तीन चतुर्थांश’ असेच वाचावे. मग तीन भाकऱ्या, तीन केळी, तसेच तीन चतुर्थांश. चतुर्थांश ही मोजता येणारी वस्तू होते.

दुसरी तासिका : पट्टी आणि चिंचोके

गोल भाकरीचा फायदा असा की पाव तुकडा पाहूनही पूर्ण भाकरी किती होती ते कळते. तोटा असा की तिचे तीन सारखे भाग हाताने करणे अवघड. म्हणून दुसऱ्या दिवशी २४ सेंटीमीटर लांब कागदी पट्ट्या घ्याव्यात. २४ ची निवड मुद्दाम केलेली आहे: अर्धा १२, तृतीयांश ८, चतुर्थांश ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३ सेंटीमीटर, सगळे पूर्ण अंकांत येतात. तुटलेल्या पट्टीवरून पूर्ण पट्टी किती होती ते कळत नाही, म्हणून प्रत्येक बाकावर एक न दुमडलेली पट्टी शेवटपर्यंत ठेवावी. पंचमांशासाठी शिक्षकाने फळ्यावर ६० सेंटीमीटरची मोठी पट्टी लावावी, त्यात पाचवा हिस्सा १२ चा येतो. २० सेंटीमीटरची पट्टी २४ च्या खाली लावून तुलना करू नये. दोन्हींचा ‘एक’ वेगळा आहे.

‘पट्टीचे तीन भाग करा’ म्हटल्यावर हमखास एक चूक दिसते. मूल पट्टी अर्ध्यात दुमडते, मग एक बाजू पुन्हा अर्ध्यात, आणि तीन भाग झाले म्हणून दाखवते. मोजले तर ते ६, ६ आणि १२ सेंटीमीटरचे. हा निष्काळजीपणा नाही. निम्म्यानिम्म्याची घरची सवय तिथे उघडी पडते. ‘तुला यातला कोणता भाग घ्यायला आवडेल?’ एवढे विचारले की मूल लगेच मोठ्या भागावर बोट ठेवते आणि स्वतःच पट्टी उलगडते. दुमडलेल्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या की १/२, २/४, ३/६, ४/८ यांच्या घड्या एका रेषेत येतात. सममूल्य हा शब्द त्या रेषेला द्यावा.

समूहासाठी चिंचोके. बारा चिंचोके देऊन त्यांचा १/४ मागितला तर जवळजवळ सगळे ‘तीन’ म्हणतात आणि शिक्षक पुढे जातो. इथेच फसगत होते. काही मुलांनी चार सारखे ढीग करून एका ढिगातले तीन मोजलेले असतात; काहींनी चार-चार चिंचोक्यांचे ढीग केलेले असतात आणि ढीग तीन झाले म्हणून ते तीन म्हणतात. उत्तर तेच, समज वेगळी. संख्या बदलून हे उघड होत नाही, कारण भागाकार दोन्हीकडे एकच असतो. अंश बदलला की मात्र उघड होते. १२ चा ३/४ मागितला की पहिले मूल नऊ देते. दुसरे चार-चारचे तीन ढीग उचलते, म्हणजे सगळेच चिंचोके, किंवा एका ढिगातले तीन देते. म्हणून उत्तर ऐकण्याआधी बाकावरची मांडणी पाहावी.

पाण्याची बाटली शेवटी, वेळ उरला तर. वर निमुळत्या होणाऱ्या बाटलीत निम्म्या उंचीपर्यंतचे पाणी निम्मे नसते. पाव लिटरच्या मापाने ओतून खुणा केल्या की वरच्या खुणांतले अंतर वाढलेले दिसते. समान भाग म्हणजे समान उंची नव्हे हे मुले तिथे डोळ्यांनी पाहतात.

मूल्यमापन

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत हा पाठ आकारिक मूल्यमापनात बसतो: कृती करताना केलेली निरीक्षणे वर्णनात्मक नोंदीत, आणि शेवटी दहा मिनिटांची एक चिठ्ठी. ‘सहभाग चांगला’ ही नोंद निरुपयोगी. ‘तीन भाग असमान केले, विचारल्यावर दुरुस्त केले’ ही उपयोगी, कारण तिच्यावरून पुढचे काम ठरते.

चिठ्ठीत पाच प्रश्न. पाच चपात्या चौघांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती? (१ १/४, ‘सव्वा’ असे लिहिले तरी पूर्ण गुण.) तीन असमान भाग केलेल्या चौकोनातला एक रंगवला आहे, तो एक तृतीयांश आहे का, का? २० चिंचोक्यांचा ३/५ किती? (१२.) १/३ मोठा की १/४, चित्र काढून दाखवा. आणि शेवटचा: ताईने अर्धी भाकरी खाल्ली, दादानेही अर्धीच खाल्ली, तरी दादाने जास्त खाल्ली, हे कसे शक्य आहे?

चौथ्या प्रश्नात चार तीनपेक्षा मोठा म्हणून १/४ मोठा असे लिहिणारी मुले सापडतात. त्यांच्या चित्रात बहुधा दोन वेगवेगळ्या आकारांच्या पट्ट्या असतात, म्हणजे गोंधळ छेदाचाही आहे आणि ‘पूर्ण’चाही. त्यांना एकच भाकरी आधी तिघांत, मग चौघांत वाटायला लावावी. पाचव्या प्रश्नाला ‘शक्य नाही’ असे उत्तर वर्गात निम्म्याहून अधिकांनी दिले, तर अपूर्णांकांच्या तुलनेकडे वळू नये. दुसऱ्या दिवशी लहान-मोठ्या दोन ताटल्यांनी आखलेल्या चकत्या घ्याव्यात आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवून पाहायला सांगावे.