दोजो, सेन्सेई आणि किआई

दोजो, सेन्सेई आणि किआई : जपानी युद्धकलांच्या सरावातील तीन पारिभाषिक शब्द. सरावाची जागा, शिक्षक आणि प्रहाराच्या वेळची आरोळी असे त्यांचे अर्थ रूढ झाले आहेत. कराटेच्या वर्गांमुळे हे शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. प्रत्यक्ष सरावात मात्र हे अर्थ अपुरे पडतात. दोजो ही केवळ वास्तू नव्हे, सेन्सेई ही पदवी नव्हे आणि किआई हा मुळात आवाजच नव्हे. या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः केन्दोतून, म्हणजे बांबूच्या आणि लाकडी तलवारीच्या कलेतून घेतली आहेत, कारण तिन्ही शब्दांचे परस्परसंबंध तेथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

मराठीत ‘डोजो’ असेही लिहितात. ते रूप इंग्रजीमार्गे आले आहे. जपानी उच्चार दंत्य ‘द’च्या जवळचा असल्याने येथे ‘दोजो’ हे रूप स्वीकारले आहे. त्यातील दोन्ही ओकार लांब असून ‘ज’ हा ‘जीवन’मधल्यासारखा उच्चारायचा, ‘जग’मधल्यासारखा नव्हे.

दोजो : ‘दो’ म्हणजे मार्ग आणि ‘जो’ म्हणजे जागा, ही फोड सर्वत्र दिली जाते आणि ती चुकीची नाही. पण हा शब्द जपानी योद्ध्यांनी घडवलेला नाही. तो चिनी ‘दाओछांग’ या शब्दाचा जपानी उच्चार आहे, आणि चिनी बौद्ध वाङ्मयात ‘दाओछांग’ हा संस्कृत ‘बोधिमंड’ या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून स्थिरावला. बोधिमंड म्हणजे बोधगया येथील बोधिवृक्षाखालची ती जागा, जेथे गौतमाला बोधी प्राप्त झाली. म्हणजे आज तोक्योत किंवा पुण्यात ज्या दालनाला दोजो म्हणतात, त्याच्या नावाच्या मुळाशी मगधातील एक स्थळ आहे.

यातील ‘मंड’ या पदाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. संस्कृतात मंड म्हणजे साय, भातावरचे दाट पाणी आणि त्यावरून सार, सत्त्व. तिबेटी भाषांतरकारांनी हाच अर्थ घेऊन बोधिमंडासाठी ‘बोधीचे हृदय’ अशा आशयाचा शब्द योजला. चिनी परंपरेने मात्र जागेचा अर्थ उचलला. काहींच्या मते ‘मंड’ येथे पीठ किंवा चौथरा या अर्थीच आहे, तर काही ‘मंडल’ शब्दाशी त्याचा संबंध जोडतात. सार हा अर्थ मूळचा आणि स्थलवाचक अर्थ त्यातून पुढे आलेला, ही उपपत्ती अधिक समाधानकारक वाटते. तिबेटी आणि चिनी या दोन्ही परंपरांचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळते.

स्थळाशी बांधलेला हा शब्द चीनमध्येच सैल होऊ लागला होता. बौद्ध भाषांतरकार कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी केलेल्या विमलकीर्तिनिर्देश या बौद्ध सूत्राच्या चिनी भाषांतरात ‘सरळ मन हाच दाओछांग’ अशा अर्थाचे वचन येते. पुढे सुई वंशाच्या काळात, बहुधा 613 मध्ये, बौद्ध मठांनाच दाओछांग म्हणावे असा आदेश निघाला. जपानमध्ये नारा काळात (आठवे शतक) राजवाड्यातील बौद्ध प्रार्थनागृहाला ‘नाइदोजो’ म्हणत. नंतर जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे अनुयायी खेड्यातील ज्या साध्या घरात नामस्मरणासाठी जमत, तेही दोजोच. तेथे ना स्वतंत्र इमारत लागे, ना पुजारी. लोक एका हेतूने जमले की ती जागा दोजो होई.

युद्धकलेच्या जागेला हा शब्द नेमका केव्हा लागला, याविषयी सावधपणेच लिहावे लागते. एदो काळात (1603–1868) अशा जागांना ‘केइकोबा’ म्हणजे सरावाची जागा, किंवा ‘एन्बुजो’ असे म्हणण्याचा प्रघात होता. शोगुनाच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, शासनाने 1856 मध्ये काढलेल्या सैनिकी शिक्षणसंस्थेचे नावही ‘कोबुशो’ होते. झेन पंथाच्या प्रभावाने सामुराईंनी हा शब्द फार पूर्वीच घेतला, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. तो प्रभाव नाकारता येत नाही. परंतु दोजो हे नाव सार्वत्रिक होणे ही मुख्यतः एदोच्या उत्तरार्धापासून मेइजी काळापर्यंतची (1868–1912) घडामोड असावी. कौशल्यवाचक ‘जुत्सु’ मागे पडून ‘दो’ पुढे आला तोही साधारण याच प्रवाहात. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात कोदोकान ही जुदोची संस्था सुरू केली, तेव्हा तिचा दोजो 12 तातामी चटयांचा, म्हणजे सुमारे 20 चौ. मी. होता आणि शिष्य होते नऊ. मुंबईतील एखाद्या मध्यम खोलीएवढ्या त्या जागेत माणसे एकमेकांना जमिनीवर आदळत होती.

आजच्या दोजोत जागेची रचना समोरच्या मानाच्या भिंतीवरून, म्हणजे ‘शोमेन’वरून ठरते. पादत्राणे दाराशी काढून त्यांची टोके बाहेरच्या दिशेने करून ठेवतात आणि उंबरठ्यावर वाकून आत येतात. विद्यार्थी शोमेनकडे तोंड करून श्रेणीनुसार रांगेत बसतात. बहुतेक ठिकाणी सर्वांत वरिष्ठ उजव्या टोकाला असतो. बसताना आधी डावा गुडघा टेकायचा आणि उठताना आधी उजवे पाऊल उचलायचे, ही केन्दोतील पद्धत. तलवार डाव्या कमरेला असून उजव्या हाताने उपसली जाते, याच्याशी तिचा संबंध जोडला जातो. केन्दोचा दोजो लाकडी जमिनीचा असतो, कारण पाय अनवाणी सरकवायचे असतात. ही जमीन शिष्य स्वतः ओल्या फडक्याने पुसतात. शाळेच्या व्यायामशाळेत आठवड्यातून दोन तास सराव चालत असेल, तर तेवढ्या वेळापुरती ती व्यायामशाळा दोजो असते. शिन्शू पंथाच्या खेड्यातील घरांशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे.

सेन्सेई : ‘सेन’ म्हणजे आधी आणि ‘सेई’ म्हणजे जन्म. ‘आधी जन्मलेला’ हा शब्दशः अर्थ. कन्फ्यूशिअसच्या वचनसंग्रहात हा चिनी शब्द घरातील वडीलधाऱ्यांसाठी आला आहे, शिक्षकासाठी नव्हे. आधुनिक जपानीत शिक्षक, डॉक्टर, वकील, लेखक, लोकप्रतिनिधी या सर्वांना सेन्सेई म्हणतात. त्यामुळे या शब्दाला खास युद्धकलेचा रंग आहे, हा समज जपानबाहेरचा.

महत्त्वाची गोष्ट अशी की हा संबोधनाचा शब्द आहे. तो दुसऱ्याने वापरायचा असतो, स्वतःविषयी कोणी वापरत नाही. तो सापेक्षही आहे. आपल्या दोजोत सेन्सेई असणारी व्यक्ती स्वतःच्या गुरूंसमोर शिष्यांच्या रांगेत बसते. काळा पट्टा मिळाला म्हणजे माणूस सेन्सेई झाला असेही नाही. काळ्या पट्ट्याच्या श्रेणीला ‘दान’ म्हणतात; पहिल्या श्रेणीचे नाव ‘शोदान’, आणि त्यातील ‘शो’ म्हणजे आरंभ. रेन्शी, क्योशी आणि हान्शी या प्रदान केल्या जाणाऱ्या पदव्या वेगळ्या.

सेन्सेईचे काम काय, याचे सर्वांत नेमके उत्तर 1912 मध्ये निश्चित झालेल्या केन्दोच्या 10 कातांत, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या जोडसरावांत मिळते. प्रत्येक कातात दोन भूमिका असतात : हल्ला करणारा उचिदाची आणि उत्तर देणारा शिदाची. उचिदाची हा वरिष्ठ, शिकवणारा. आणि दहाही कातांत हरतो तो उचिदाचीच.

पहिला काता पाहू. दोघे लाकडी तलवारी घेऊन सुमारे नऊ पावलांच्या अंतरावर उभे राहतात. दोघेही तलवार डोक्यावर उचलून तीन पावले पुढे येतात. उचिदाची योग्य क्षण साधून समोरच्याच्या डोक्यावर, तलवारीच्या मुठीसकट चिरण्याच्या इराद्याने, खरा वार करतो. शिदाची मागे सरतो, वार हवेतून खाली जातो, आणि त्याच क्षणी पुढे येत शिदाची उचिदाचीच्या डोक्यावर वार आणून थांबवतो. मग तलवारीचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याच्या रोखाने ठेवून तो सावध राहतो. या अवस्थेला ‘झानशिन’ म्हणतात.

येथे चूक बहुधा शिकवणाऱ्याच्या बाजूने होते. उचिदाचीने शिष्याला सांभाळून घेण्यासाठी वार मुद्दाम आखूड टाकला, तर शिदाचीला मागे सरण्याचे कारणच उरत नाही आणि अंतराचा अंदाज त्याला कधी येत नाही. उलट अति घाईने वार केला, तर शिकण्याआधीच शिष्य दचकतो. खरा वार योग्य वेळी देणे आणि त्यानंतर हरणे, एवढे सेन्सेईचे काम. त्या अधिकाराचा दुरुपयोगही होतो. 2013 मध्ये जपानच्या 15 महिला जुदोपटूंनी प्रशिक्षणातील मारहाणीविरुद्ध केलेली तक्रार उघड झाली आणि हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला.

किआई : ‘कि’ म्हणजे प्राण, चित्तशक्ती आणि ‘आई’ हे जुळणे या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. हीच दोन पदे उलटवली की ‘आइकि’ होते, जे आइकिदो या नावात आहे. तोंडातून निघणाऱ्या आवाजाला खरे तर ‘काकेगोए’ म्हणजे हाक असा वेगळा शब्द आहे. किआई ही चित्त एकवटल्याची अवस्था, हाक हे तिचे बाह्य लक्षण. सरावात दोन्हींना किआईच म्हटले जाते आणि त्यातून गोंधळ होतो. नवशिके कधी कधी ‘किआई’ हा शब्दच ओरडतात.

वर वर्णिलेल्या कातात उचिदाची वार करताना ‘या’ आणि शिदाची ‘तो’ अशी हाक देतो. वार आणि हाक एकाच क्षणी यावी लागतात. सामन्यात ज्या भागावर वार केला त्याचे नाव पुकारतात : डोक्याला ‘मेन’, मनगटाला ‘कोते’, धडाला ‘दो’, गळ्याला ‘त्सुकि’. केन्दोच्या सामना-नियमांत वैध प्रहाराच्या व्याख्येतच जोमदार चित्तवृत्ती, योग्य शरीरस्थिती, तलवारीच्या धारेची बरोबर दिशा आणि झानशिन यांचा समावेश आहे. म्हणून बांबूची तलवार डोक्यावर स्पष्ट आदळली, तरी हाक क्षीण किंवा उशिरा आली, तर तीन पंचांपैकी दोघांची निशाणे वर जात नाहीत.

ही एककालिकता सनातन आहे असे मात्र म्हणता येत नाही. तलवारबाज मियामोतो मुसाशी यांच्या सतराव्या शतकाच्या मध्यातील ‘गो रिन नो शो’ या ग्रंथात तीन आवाजांचे प्रकरण आहे. त्यात ते सांगतात, की प्रतिस्पर्ध्याला हलवण्यासाठी आधी ‘एइ’ अशी हाक द्यावी, तलवार तिच्यामागून काढावी, आणि विजय जाहीर करण्यासाठी वारानंतर हाक द्यावी. तलवारीबरोबरच मोठ्याने ओरडू नये, असे ते स्पष्टच लिहितात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने हाक ही प्रतिस्पर्ध्याचा ताल मोडण्याची युक्ती होती, आजच्या केन्दोत ती प्रहाराच्या पूर्णतेची खूण आहे. दोन्हींत विरोध मानण्यापेक्षा हेतू वेगळे मानणे इष्ट. आजच्या सरावातही अंतर घेताना लांबवलेली हाक देतात, आणि ती मुसाशींच्या पहिल्या आवाजाच्या जवळची आहे.

शरीराच्या बाजूने पाहता, जोराने श्वास सोडताना पोटाचे स्नायू आवळतात, धड घट्ट होते आणि जमिनीवर रेटलेल्या पायाचे बळ हातापर्यंत कमी गळतीने पोहोचते. ओरडताना मुठीची पकड काहीशी वाढते, असे मोजमापांत आढळले आहे. पक्षी केवळ किआईने खाली पाडल्याच्या कथा मात्र आख्यायिकाच होत. आवाज गळ्यातून येत असेल, तर तो वर चढतो, थोड्याच वेळात घसा बसतो आणि खांदे उचललेले दिसतात. नाभीखालच्या ‘तान्देन’पासून आलेल्या आवाजात खांदे खाली राहतात. शिक्षक कानापेक्षा डोळ्यांनीच ही चूक ओळखतात.

कराटेत किआईची जागा कातातच नेमलेली असते. शोतोकान शैलीच्या ‘हेइआन शोदान’ या कातात 21 हालचाली आहेत आणि हाक फक्त दोनदा, नवव्या आणि सतराव्या हालचालीवर येते. तलवार उपसण्याच्या इआइदो कलेतील 12 प्रमाणित प्रकारांत हाक मुळीच नाही. ते पूर्ण शांततेत केले जातात आणि तेथे किआई पाहावी लागते ती नजरेत, श्वासात आणि वारानंतरच्या झानशिनमध्ये.