आमराईतील वटवाघळे (गावबैठकीतील विषय)

विदर्भात आंबे पाडाला लागले की आमराईतली वटवाघळे फटाके, धूर, गोफण किंवा टिनाचा डबा वाजवून हुसकावली जातात. ती हुसकावू नयेत, हे गावकऱ्यांना दहा-पंधरा मिनिटांत समजावून सांगण्यासाठी चावडीवर किंवा आमराईतच छोटी बैठक घेतात. इथे प्रामुख्याने ज्याच्याबद्दल बोलायचे ते भारतीय मोठे वटवाघूळ. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी सव्वा मीटरच्या आसपास भरते. दिवसा ते वड, पिंपळ, चिंच किंवा अर्जुनाच्या झाडावर उलटे लटकते आणि अंधार पडला की फळे-फुले शोधत निघते.

बैठकीत पहिला प्रश्न हमखास असतो: "आमचे आंबे खाते थे, मंग त्याईले पोसाचं काऊन?" हा प्रश्न टाळू नये. वटवाघूळ आंबा खाते, हे आधी मान्य करावे. आंब्याचे परागीभवन वटवाघळे करतात असे काही वक्ते सांगतात, पण ते बरोबर नाही. मोहरावरचे ते काम मुख्यतः माश्या आणि मधमाश्या करतात. हे फळखाऊ वटवाघूळ पिकावरची कीडही खात नाही, कीड खाणारी छोटी वटवाघळे वेगळी. खोटा फायदा सांगितला की ऐकणारा पुढचे खरेही मानत नाही.

त्यापेक्षा नुकसान मोजायला सांगावे. दहा झाडांखालची जागा संध्याकाळी झाडून घ्यावी, दिवस उगवताच पडलेले आंबे गोळा करावेत आणि त्यांच्या राशी लावाव्यात. पिकल्या गरावर दातांचे ओरखडे आणि जवळपास रस चोखून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या, तर ते वटवाघळाचे काम. सालीवर बारीक डाग आणि आत अळी निघाली, तर ती फळमाशी. वानर आणि पोपट दिवसा येतात आणि हिरवी कैरीही सोडत नाहीत. म्हणून संध्याकाळी झाडण्याआधी पडलेला माल वेगळा मोजावा. समजा सकाळी 40 आंबे मिळाले, त्यांत 9 वटवाघळाचे, 14 अळीचे आणि उरलेले वाऱ्याने गळलेले, तर फटाक्याचा खर्च फक्त त्या 9 आंब्यांसाठी होतो. आकडा आमराईगणिक बदलेल. पण तो गावाने स्वतः काढलेला असावा.

त्या 9 आंब्यांवरचा उपाय तोडणीत आहे. वटवाघूळ वासावर येते आणि त्याला पिकलेले फळ हवे असते. आंब्याचे खांदे भरले, एखाद-दुसरा पाड पडू लागला आणि पाण्यात टाकलेला आंबा तळाशी बसला, की तोडून अढी घालावी. कलमी झाडे ठेंगणी असतात. त्यांची फळे अंड्याएवढी झाली की कागदी पिशव्या बांधता येतात, त्यामुळे फळमाशीही अडते. गावरान आंब्याच्या उंच शेंड्याला मात्र हा उपाय नाही, तिथली थोडी फळे जातात. मासे धरायची सैल जाळी टाकू नये. तिच्यात वटवाघळासोबत घुबडही गुंतून मरते.

हुसकावून काय होते, हेही सांगावे. वटवाघूळ एका रात्रीत अनेक किलोमीटर फिरते. गावातला वड तोडला तरी दुसऱ्या गावची वटवाघळे त्याच आमराईत उतरतात. मादीला वर्षातून एकच पिल्लू होते, तेही बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे नेमकी आंब्याच्या दिवसांत ती पोटाशी पिल्लू घेऊन असते, आणि दिवसा फटाका फुटला की काही पिल्ले खाली पडतात. विदर्भाचा मे महिना 45 अंशांच्या घरात जातो. सावलीत पंख हलवत, अंग चाटत कसाबसा तग धरणारा थवा भर उन्हात उडवला, तर त्यातले कित्येक जीव गळून मरतात.

आता मोह. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात ही बाजू सगळ्यांत आधी पटते. मोहाचे फूल रात्री तयार होते. वटवाघूळ त्याचा गोड, रसाळ भाग ओढून खाते, तेव्हा अंगावरच्या केसांना लागलेले पराग पुढच्या फुलावर जातात. फुलाचा तळ फांदीलाच राहतो आणि त्यातून टोळ, म्हणजे मोहाचे फळ, धरते. उन्हाळा संपता संपता वटवाघूळ तेच टोळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते, गर खाते आणि बी खाली टाकते. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. पावसाच्या तोंडावर आईच्या झाडापासून लांब पडलेल्या बीला रुजायची संधी मिळते. ज्या बाया पहाटे फुले वेचतात आणि पुढे टोळाच्या बियांचे तेल काढतात, त्यांना हे चटकन कळते. बोलायला त्यांनाच पुढे करावे.

कायदाही बदलला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढली. मोठे वटवाघूळ आता अनुसूची 2 मध्ये आहे, त्याला मारणे गुन्हा ठरतो.

आजाराची भीती बैठकीत निघतेच, आणि ती निराधार नाही. निपाह विषाणू या जातीच्या वटवाघळांत राहतो. केरळात 2018 मध्ये त्याने माणसे दगावली. म्हणून दात लागलेला किंवा उष्टा आंबा माणसाने खाऊ नये, गुरांनाही घालू नये, पुरून टाकावा. चांगला आंबा धुऊन, सोलून खावा. शिंदीच्या रसाचे मडके रात्री झाकावे. पडलेले पिल्लू किंवा मेलेले वटवाघूळ पोरांनी उघड्या हाताने उचलू नये, वनरक्षकाला कळवावे. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.